‘धाकट्या तिच्यासाठी’ असं कुणी का म्हणत नाही?

शाळेच्या व्याकरणात सर्वनामाची व्याख्या ठरलेली असते: नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. ही व्याख्या एकदा शब्दशः पाळून बघू. ‘आजीने धाकट्या नातीसाठी लोकरीचं गुलाबी टोपडं विणलं’ असं वाक्य घेतलं. यातलं ‘नात’ हे नाम काढायचं आणि त्याच्या जागी ‘ती’ ठेवायचं, म्हणजे ‘नातीसाठी’चं ‘तिच्यासाठी’ होईल. हाती येतं ते असं:

*आजीने धाकट्या तिच्यासाठी लोकरीचं गुलाबी टोपडं विणलं.

वाक्याआधीचा तारा ही भाषाशास्त्रातली खूण आहे. ज्याची ती मातृभाषा आहे तो माणूस असं बोलणार नाही, एवढंच ती सांगते. आणि खरंच, मराठी घरातलं चार वर्षांचं मूलसुद्धा ‘धाकट्या तिच्यासाठी’ म्हणणार नाही. ते सरळ ‘तिच्यासाठी’ म्हणेल आणि ‘धाकट्या’ गाळून टाकेल. म्हणजे ‘ती’ हा शब्द ‘नात’ या एका नामाची जागा घेत नाही, ‘धाकटी नात’ या दोन शब्दांच्या जोडीची घेतो. व्याख्येत ‘नामाऐवजी’ म्हटलंय तिथे ‘नामपदबंधाऐवजी’ म्हणायला हवं होतं. (‘बिचारा तो काय करणार’ हे मात्र चालतं. ‘बिचारा’ कोणता ते निवडत नाही, फक्त कीव करतो. ‘धाकटा’ दोघांतून एकाला वेगळा काढतो. फरक तिथे आहे.)

वाक्यात शब्द एकामागून एक येतात, कानाला नुसती रांग ऐकू येते. पण त्या रांगेतले काही शब्द आपसात बांधलेले असतात आणि काही फक्त शेजारी उभे असतात. ‘धाकट्या’ आणि ‘नातीसाठी’ बांधलेले आहेत. ‘आजीने’ आणि ‘धाकट्या’ शेजारी आहेत, पण त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. अशा बांधलेल्या गटाला आपण घटक म्हणतो, आणि तो कोणत्या शब्दाभोवती बांधला गेला आहे त्यावरून त्याला नामपदबंध, क्रियापदबंध अशी नावं देतो. गाठ कानाला ऐकू येत नाही, मग ती ओळखायची कशी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

लेनर्ड ब्लूमफील्डने 1933 साली ‘लँग्वेज’ या ग्रंथात हा प्रश्न जवळजवळ झटकून टाकला होता. बिचारा जॉन पळून गेला, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य घेऊन तो म्हणतो की त्याचे दोन सरळ तुकडे ‘बिचारा जॉन’ आणि ‘पळून गेला’ हेच, ती भाषा बोलणारा कुणीही हेच सांगेल. म्हणजे भाषकाला विचारा, की संपलं. पुढच्या पिढीला हे पुरेसं वाटलं नाही. झेलिग हॅरिसने 1946 साली आणि रुलन वेल्सने 1947 साली बदलीची पद्धत मांडली. वेल्सचं वाक्य होतं, इंग्लंडच्या राजाने पार्लमेंट उघडलं. त्याचं म्हणणं असं, की या वाक्याचा साचा ‘जॉनने काम केलं’ यासारख्या दोन शब्दी इंग्रजी वाक्याचाच आहे. राजाच्या लांबलचक वर्णनाच्या जागी नुसता जॉन बसतो, आणि पार्लमेंट उघडण्याच्या जागी एकच क्रियापद बसतं. म्हणून वाक्य तिथे, त्या दोहोंच्या मधोमध, कापायचं.

कल्पना चांगली आहे, पण तशीच्या तशी उचलली तर आपल्या आजीच्या वाक्यातच ती फसते. ‘आजीने धाकट्या’ हे दोन शब्द घ्या आणि त्यांच्या जागी ‘तिने’ ठेवा:

तिने नातीसाठी लोकरीचं गुलाबी टोपडं विणलं.

निर्दोष मराठी वाक्य! मग ‘आजीने धाकट्या’ हाही घटक मानायचा का? पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत ही चूक नेहमी दिसते आणि ती करणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याने ‘बदलून बघा, वाक्य चाललं तर घटक’ हा नियम मन लावून पाळलेला असतो. चुकतं ते हे, की वाक्य चाललं एवढंच बघितलं जातं. ‘तिने’ म्हणजे कोण? आजी. मग ‘धाकट्या’चं काय झालं? ते हरवलं. मूळ वाक्यात नात धाकटी होती, आता कोणतीही असू शकते. बदललेल्या शब्दाने काढलेल्या सगळ्या शब्दांचा अर्थ उचलायला हवा, तरच ती बदली. नाहीतर आपण एक शब्द बदलला आणि दुसरा गुपचूप खोडला.

आता हेच ‘धाकट्या नाती-’ या गटावर करा. ‘तिच्यासाठी’ म्हटल्यावर ‘ती’मध्ये धाकटेपणही आलं आणि नातही आली, काही सांडलं नाही. शिवाय ‘साठी’ बाहेर राहिलं. मराठीत हे विशेष सोयीचं आहे: शब्दयोगी अव्यय लिहिताना नामाला चिकटलेलं असलं तरी बदलीच्या वेळी ते सुटं होतं. म्हणजे ‘धाकट्या नातीसाठी’ या गटाच्या आत ‘धाकट्या नाती’ हा आणखी एक गट आहे आणि ‘साठी’ त्या सगळ्या गटाला लागलं आहे, एकट्या ‘नाती’ला नाही. लिखाणात आपण ‘नातीसाठी’ एक शब्द म्हणून जोडून लिहितो. वाक्यरचना मात्र त्याच शब्दाच्या मधून जाते. लेखनाचा शब्द आणि वाक्याचा घटक यांच्या सीमा जुळतातच असं नाही, हे समजून घ्यायला इतकं स्वस्त उदाहरण दुसरं मिळणार नाही.

बदलीनंतरची कसोटी तुटक उत्तराची. आपण बोलताना प्रश्नाला पूर्ण वाक्याने उत्तर देत नाही, हवा तेवढा तुकडा देतो. तो तुकडा एकटा उभा राहू शकतो याचा अर्थ त्याच्या आत गाठ आहे.

‘टोपडं कोणी विणलं?’ ‘आजीने.’
‘कोणासाठी?’ ‘धाकट्या नातीसाठी.’
‘आजीने काय विणलं?’ ‘लोकरीचं गुलाबी टोपडं.’

‘आजीने धाकट्या’ हे ज्याचं उत्तर होईल असा प्रश्नच मराठीत तयार करता येत नाही. बदलीच्या वेळी गडबड करणारा तो तुकडा इथे पहिल्याच फटक्यात बाद होतो. एका कसोटीने चकवलं तर दुसरी घ्यायची ती यासाठी.

या उत्तरांत एक गोष्ट लक्षात आली असेल. उत्तरात विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय टिकतात. ‘कोणी विणलं?’ला ‘आजी’ असं उत्तर येत नाही, ‘आजीने’ येतं. ‘कोणासाठी?’ला ‘धाकटी नात’ असं उत्तर दिलं तर ऐकणारा थबकतो. (इथे उदाहरणात ‘मी’ किंवा ‘तू’ घेऊ नका. ‘कोणी केलं?’ ‘मी.’ प्रथम आणि द्वितीय पुरुषी सर्वनामांना हे ‘ने’ दिसेल असं लागतच नाही, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.) इंग्रजीत हे असं नाही. तिथे ‘फॉर’ हा शब्द प्रश्नाच्या शेवटी एकटा सोडून देता येतो, आणि उत्तरात नुसतं ‘धाकटी नात’ म्हटलेलं चालतं. जेसन मर्चंटने 2004 साली या दोन गोष्टींची सांगड घातली. त्याचं म्हणणं असं, की तुटक उत्तर हे मुळात पूर्ण वाक्यच असतं. त्यातला हवा तो घटक आधी वाक्याच्या सुरुवातीला सरकतो, आणि मग उरलेलं वाक्य मुकं होतं. ज्या भाषेत नाम ‘साठी’सारखा शब्द मागे टाकून सरकू शकत नाही, त्या भाषेत उत्तरातही तो शब्द टाकता येणार नाही. मराठीत ‘साठी’ मागे ठेवून ‘नात’ पुढे पळत नाही, म्हणून उत्तरातही ‘नातीसाठी’च म्हणावं लागतं. इथवर मर्चंटचा हिशेब जुळतो. पुढे एका जागी तो अडतो, तिकडे येऊ.

त्याआधी या कसोटीतला मराठीचा खास खड्डा. समजा क्रियापदासकटचा गट तपासायचा आहे. ‘आजीने काय केलं?’ असं विचारलं आणि उत्तर आलं, ‘लोकरीचं टोपडं विणलं.’ झालं, कर्म आणि क्रियापद मिळून एक घटक सिद्ध झाला, असं वाटतं. आता हा दुसरा संवाद ऐका:

‘त्या टोपड्याचं काय झालं?’
‘आजीने उसवलं.’

त्याच न्यायाने ‘आजीने उसवलं’, म्हणजे कर्ता आणि क्रियापद मिळूनही एक घटक झाला, आणि कर्म बाहेर राहिलं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? खरी गोष्ट अशी, की मराठीत संदर्भातून कळणारा कर्ता किंवा कर्म उच्चारावं लागत नाही. पहिल्या उत्तरात ‘आजीने’ गाळलेलं आहे, दुसऱ्यात ‘ते’ गाळलेलं आहे. ही दोन्ही उत्तरं तुटक नाहीतच, ती पूर्ण वाक्यं आहेत. पुरुष-लिंग-वचनाचा प्रत्यय घेतलेलं क्रियापद जिथे उत्तरात आलं, तिथे मराठीत या कसोटीचा निकाल धरायचा नाही. कर्ता बोललाच पाहिजे अशी सक्ती असलेल्या भाषेसाठी लिहिलेली पाठ्यपुस्तकं हे सांगणार नाहीत, कारण त्यांना हा प्रश्न पडतच नाही.

यातून वाट आहे. प्रश्न असा करायचा की उत्तरात प्रत्ययवालं क्रियापद येणारच नाही. ‘आजीला दुपारी काय करायला आवडतं?’ ‘नातवंडांसाठी टोपडी विणायला.’ ‘विणायला’ला ना पुरुष ना लिंग, ते एकटं वाक्य होऊ शकत नाही. तरीही हा तुकडा उभा राहिला, म्हणजे तो खरोखर तुकडाच आहे आणि त्याच्या आत गाठ आहे. उलट, कर्ता आणि ‘विणायला’ यांना बांधून कर्म बाहेर ठेवणारं उत्तर काढून बघा, निघत नाही.

आता स्थानांतर, म्हणजे गट उचलून दुसरीकडे ठेवणं. मराठी शब्दक्रम मोकळा आहे असं आपण सहज म्हणतो. किती मोकळा, ते मोजता येतं. आजीच्या वाक्यात 7 शब्द आहेत. ते खरोखर मोकळे असते तर त्यांची 5040 प्रकारे मांडणी झाली असती. पण ‘आजीने’, ‘धाकट्या नातीसाठी’, ‘लोकरीचं गुलाबी टोपडं’ आणि ‘विणलं’ हे चार गट अखंड ठेवून हलवले, तर मांडण्या होतात 24. त्या चोवीसही सारख्या सहज नाहीत, पण प्रत्येकीला शोभेल असा कुठला ना कुठला प्रसंग मिळतो: ‘धाकट्या नातीसाठी आजीने लोकरीचं गुलाबी टोपडं विणलं’, ‘लोकरीचं गुलाबी टोपडं विणलं आजीने धाकट्या नातीसाठी’. गट फोडून केलेल्या हजारो मांडण्यांपैकी बहुतेक मात्र बोलता येण्याजोग्या नाहीत. मराठीत मोकळे आहेत ते गट, शब्द नव्हेत.

गट फोडायचा प्रयत्न केला की काय होतं ते बघण्यासारखं आहे. ‘नातीसाठी’ पुढे नेऊन ‘धाकट्या’ मागे ठेवलं तर *‘नातीसाठी आजीने धाकट्या लोकरीचं टोपडं विणलं’ हा निव्वळ कोलमडलेला प्रकार तयार होतो. उलट ‘धाकट्या’ एकटं वाक्याच्या तोंडाशी नेलं तर?

धाकट्या आजीने नातीसाठी लोकरीचं गुलाबी टोपडं विणलं.

वाक्य शुद्ध आहे, फक्त आता आजी धाकटी झाली. सामान्यरूपातलं ‘धाकट्या’ शेजारी आलेल्या विभक्तीवाल्या नामाला जाऊन चिकटलं. ‘वाक्य बिघडलं का’ एवढंच विचारणारा विद्यार्थी इथे ‘नाही’ म्हणून पुढे जाईल. विचारायला हवं ते ‘तोच अर्थ राहिला का’.

संयुक्त क्रियापदात हा फरक आणखी गमतीदार होतो. ‘आजीने टोपडं विणून टाकलं’ म्हणजे एकदाचं विणून संपवलं. ‘विणून’ जरा उचलून पुढे ठेवा: ‘विणून आजीने टोपडं टाकलं.’ आता आजीने टोपडं विणलं आणि फेकून दिलं! ‘टाकणे’ला त्याचा मूळ अर्थ परत मिळाला. ‘विणून टाकलं’ हे दोन शब्द जवळ असताना एका क्रियेचे होते, दूर केले तशा दोन क्रिया झाल्या. ‘विणून संपवलं’ हा अर्थ राखून ती जोडी फुटत नाही, म्हणून ती एक घटक आहे, असा निकाल इथे देता येतो.

स्थानांतर कुठे दगा देतं? हे वाक्य बघा: ‘टोपडं तर आजीने लोकरीचं विणलं, पण मोजे सुती घेतले.’ कुणालाही खटकणार नाही. पण ‘टोपडं’ पुढे आणि ‘लोकरीचं’ मागे गेलं आहे! ‘लोकरीचं टोपडं’ हा घटक नव्हता, असा निष्कर्ष काढायचा का? तुटक उत्तराने तर तो घटक आहे असं सांगितलं होतं.

माझं मत असं, की इथे गट फुटलाच नाही. मराठीत विशेषण नामाशिवाय एकटं नामाचं काम करू शकतं. दुकानात आपण ‘ते निळं दाखवा’ म्हणतो तेव्हा ‘निळं’ म्हणजे निळं कापड. तसंच इथलं ‘लोकरीचं’ म्हणजे ‘लोकरीचं टोपडं’, नाम न उच्चारलेलं. तो आपल्या जागी आख्खा नामपदबंधच आहे. याचा पुरावा विभक्तीत सापडतो. ‘नातींपैकी आजीने टोपडं विणलं ते धाकटीसाठी’ असं आपण म्हणतो. विशेषणाला एकटं राहायचं झालं की ते ‘धाकट्या’ राहत नाही, ‘धाकटीसाठी’ होतं, म्हणजे नामाचं रूप आणि ‘साठी’ स्वतःवर घेतं. सरळरूपात मात्र ‘लोकरीचं’ दोन्हीकडे ‘लोकरीचं’च दिसतं, म्हणून ते विशेषण उरलं आहे की नाम झालं आहे हे कळत नाही आणि आपण फसतो. हे सगळ्यांनाच पटलेलं नाही, खरोखर फुटलेले पदबंध असतात असं मानणारेही आहेत. पण निदान एवढं ठरवता येतं: फोडून बघायची उदाहरणं सामान्यरूपातल्या नामांची घ्यावीत, सरळरूपातली नव्हे.

मर्चंटच्या हिशेबातली अडचण आता सांगतो. ‘मुलं कोणत्या शाळेत गेली?’ ‘नव्या.’ हे उत्तर रोजच्या बोलण्यातलं आहे. मग ‘नव्या’ हा घटक झाला. पण *‘नव्या मुलं शाळेत गेली’ कुणी म्हणत नाही. जो तुकडा वाक्यात पुढे सरकूच शकत नाही तो उत्तरात पुढे सरकून एकटा कसा उरला? एक तर ‘नव्या’च्या मागे ‘शाळेत’ मुकेपणाने उभं असेल आणि उत्तर खरं म्हणजे ‘नव्या शाळेत’ हेच असेल. नाहीतर तुटक उत्तरं सरकण्यातून येतात हा दावाच मराठीत थोडा सैल करावा लागेल. पदवीच्या प्रकल्पाला विषय शोधत असाल तर हा घ्या, वीस-पंचवीस विशेषणं आणि दहा-बारा भाषक एवढ्यावर सुरुवात होते.

पण त्यातूनही हाती एक गोष्ट येते. ‘नव्या’ सरकत नाही याचा अर्थ तो घटक नाही, असा होत नाही. न सरकण्याची दुसरी कारणं असू शकतात: तो मोठ्या गटाच्या आत अडकलेला आहे, त्याचं सामान्यरूप शेजारच्या नामावर टेकलेलं आहे. कसोटीचं ‘होय’ अर्थ न बदलता मिळालं तर ते वजनदार आहे. ‘नाही’ला मात्र आधी कारण विचारावं लागतं.

क्रियापदबंधाचा प्रश्न मी मघाशी अर्धवट सोडला. कर्म आणि क्रियापद मिळून गट होतो, कर्त्याला बाहेर ठेवून, हे मराठीत दाखवायला सर्वांत भरवशाची बदली ‘तेच करणे’ ही आहे.

आजीने धाकट्या नातीसाठी टोपडं विणलं आणि आत्यानेही तेच केलं.

आत्याने काय केलं? धाकट्या नातीसाठी टोपडं विणलं. ‘तेच केलं’ने कर्ता सोडून सगळं उचललं. आता थोडं बदलू: ‘आजीने धाकट्या नातीसाठी टोपडं विणलं आणि आत्याने मोठ्या नातीसाठी तेच केलं.’ इथे ‘तेच केलं’ म्हणजे फक्त ‘टोपडं विणलं’. म्हणजे एकात एक दोन डब्या आहेत, आतल्या डबीत कर्म आणि क्रियापद, बाहेरच्या डबीत ‘नातीसाठी’ही. आणि कर्ता-क्रियापदाची डबी? *‘आजीने टोपडं विणलं आणि स्वेटर तेच केलं.’ काहीच्या काही. ‘स्वेटरचंही तेच केलं’ म्हणता येतं, पण तिथे ‘चं’ घालून आपण वाक्याचा साचाच बदलला, ती बदली राहिली नाही. तुटक उत्तराने जिथे ‘आजीने उसवलं’ला घटक असल्याचा आव आणू दिला होता, तिथे ही कसोटी त्याला उघडं पाडते.

हिची मर्यादाही स्पष्ट आहे. ‘करणे’ हे जाणूनबुजून केलेल्या कृतीचं क्रियापद. ‘आजीला टोपडं आवडलं’च्या पुढे ‘आत्यानेही तेच केलं’ जोडता येत नाही. आवडणं हे कुणी करत नाही. त्यावरून ‘टोपडं आवडलं’ हा गट नाही असं ठरत नाही, हत्यार त्या कामाचं नव्हतं एवढंच.

वर्गात या सगळ्याचा सराव करायला मी एकच पदबंध देतो: ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानात’. जुनं काय, पुस्तकं की दुकान? वापरलेली पुस्तकं विकणारं कालच उघडलेलं दुकान, आणि कोरी पुस्तकं विकणारं पन्नास वर्षांपूर्वीचं दुकान, दोन्ही या शब्दांत बसतात. इंग्रजी पुस्तकांत संदिग्धतेचं ठरलेलं उदाहरण दुर्बिणीचं असतं, दुर्बिणीतून माणूस बघितला की दुर्बीणवाला माणूस बघितला. ते मराठीत आणलं की मरतं, कारण ‘दुर्बिणीतून’ आणि ‘दुर्बीण घेतलेल्या’ ही रूपंच निराळी. मराठी प्रत्यय बरीच संदिग्धता दाराबाहेर ठेवतात. सामान्यरूपात मात्र ‘जुनी’ आणि ‘जुनं’ दोन्ही ‘जुन्या’ होतात, आणि तिथे दार उघडं राहतं.

आता कोणती कसोटी लावायची ते निवडा. सगळ्या गटाच्या जागी ‘तिथे’ ठेवला तर तो दोन्ही अर्थांना सारखाच बसतो. कसोटी बरोबर आहे, पण भांडण ज्यावर आहे ती आतली गाठ तिला दिसत नाही. तुटक उत्तर जास्त कामाचं आहे, प्रश्न नीट बेतला तर. ‘कसल्या पुस्तकांच्या दुकानात?’ ‘जुन्या.’ इथे फक्त पुस्तकं जुनी. ‘पुस्तकांच्या कोणत्या दुकानात?’ ‘जुन्या.’ इथे फक्त दुकान. उत्तर तेच, पण प्रश्नाने ‘पुस्तकांच्या’ शब्द कुठे ठेवला त्यावर गाठ ठरली. स्थानांतर तर लगेच निकाल देतं: ‘पुस्तकांच्या जुन्या दुकानात’. ‘जुन्या’ने ‘पुस्तकांच्या’वरून उडी मारली की पुस्तकं जुनी हा अर्थ गेला, कारण त्या अर्थात ‘जुन्या पुस्तकांच्या’ ही गाठ घट्ट होती आणि उडी मारायला जागाच नव्हती. राहिली आतल्या गटाची बदली: ‘आम्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो आणि ती चाळत बसलो.’ ‘ती’ म्हणजे काय? दुकान जुनं असेल तर ‘ती’ म्हणजे नुसती पुस्तकं, कोरी करकरीतसुद्धा. पुस्तकं जुनी असतील तर ‘ती’ जुन्या पुस्तकांची जागा घेते, जशी सुरुवातीला ‘ती’ने धाकट्या नातीची घेतली होती.

आणि हेच सरळरूपात आणलं की कसोट्यांची गरजच उरत नाही. पाटीवर रंगाऱ्याने ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ लिहिलं तर पुस्तकं जुनी, ‘जुने पुस्तकांचे दुकान’ लिहिलं तर दुकान जुनं. पण त्याच पाटीखाली उभं राहून मित्राला फोनवर ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोर ये’ सांगितलं, की तो पलीकडून विचारू शकतो: जुनी पुस्तकं, का जुनं दुकान?